एक डझन हापूसचा भाव कोणी ठरवला? कोपरखैरणेतल्या एका नववीच्या वर्गातलं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा कोपरखैरणेतली, मराठी माध्यमाची. नववीच्या या वर्गात ४६ मुलं. बऱ्याच मुलांच्या घरचं कोणी ना कोणी वाशीच्या एपीएमसी मार्केटात कामाला आहे. कोणाचे वडील माथाडी, कोणाचे काका टेम्पोवर, कोणाची आई भाजी निवडायला जाते. मी समाजशास्त्र शिकवते. या प्रयोगात भूगोलाचे सर माझ्यासोबत होते. मुलांची आणि शाळेची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

मागणी वाढली की किंमत वाढते, पुरवठा वाढला की किंमत उतरते, ही दोन वाक्यं वर्गाला तोंडपाठ होती. एप्रिलच्या सुरुवातीला मी सहज विचारलं, "आज मार्केटात हापूसचा जो भाव आहे, तो ठरवला कोणी?" उत्तरं आली: दलाल, बागायतदार, सरकार. एक जण म्हणाला, "मोठे व्यापारी फोनवर ठरवतात." पाठ केलेली दोन वाक्यं कोणीही या प्रश्नाला लावली नाहीत. कोणीतरी एक जण ठरवतो आणि बाकीचे मुकाट्याने मान्य करतात, हे चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मागणी-पुरवठ्याची ती दोन वाक्यं भाव कुठल्या दिशेला सरकेल ते सांगतात. तो मुळात एका आकड्यापाशी का थांबतो, हे त्यांत कुठेच नाही.

पहिला लिलाव आणि तो का फसला

मी एक डझन आंबे आणले, प्रत्येकाला शंभर रुपयांच्या कागदी नोटा दिल्या आणि स्वतः समोर उभी राहून एकेक आंबा पुकारायला लागले. पहिला आंबा पाहता पाहता शंभरावर गेला. दुसरा, तिसरा, चौथाही. शंभराच्या वर कोणाकडेच काही नव्हतं, त्यामुळे आधी कोण ओरडलं यावर भांडणं सुरू झाली आणि पाचव्या आंब्याला मी थांबले.

शेवटी मी विचारलं, काय कळलं? समोरच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, विकणाऱ्याने ताणून धरलं की गिऱ्हाइकाच्या खिशातलं सगळं निघतं." मला जे पुसायचं होतं तेच मी आणखी गडद करून ठेवलं होतं.

नंतर सरांसोबत बसून पाहिलं तेव्हा दोन चुका दिसल्या. विकणारी मी एकटीच होते, म्हणजे पुरवठ्याची बाजू खेळात नव्हतीच. दुसरी चूक जास्त खोल होती. उरलेल्या कागदी नोटांचा मुलांना काहीच उपयोग नव्हता. घरी शंभर रुपये वाचले तर त्यातून वही येते, वडापाव येतो, म्हणून माणूस आंब्याला किती द्यायचे याचा विचार करतो. वर्गात नोट वाचवून काहीच मिळणार नव्हतं, मग ती आंब्यावर का उधळू नये? मुलं बरोबरच वागली, खेळ चुकीचा मांडला होता.

समोरचे पर्याय

सरांचं म्हणणं, सरळ फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा काढून शिकवू. ते मी मागच्या वर्षी केलं होतं. रेषा परीक्षेत छान येतात, पण त्या एकमेकींना छेदतात म्हणजे माणसं नेमकं काय करतात, ते मुलांना दिसत नाही.

दुसरा विचार मार्केटची सहल. फळ बाजारातली वर्दळ पहाटेची, गाड्यांची ये-जा सतत, आणि ४६ मुलं सांभाळायची. ते जमवलंही असतं. पण तिथे मुलांना झालेला भाव ऐकू आला असता. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनातला आकडा दिसला नसता, आणि सगळी गोष्ट त्याच आकड्यांची आहे.

तिसरा पर्याय जुना आणि कसून तपासलेला आहे. हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड चेंबरलिन हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना गुप्त आकड्यांची कार्डं वाटून वर्गातच बाजार भरवायचे. मुलं फिरून एकेकट्याने सौदे करायची. मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात त्या पुस्तकातल्या भावावर हे सौदे जुळत नाहीत, असं त्यांनी १९४८ साली लिहिलं. त्या खेळात बसलेला एक विद्यार्थी होता व्हर्नन स्मिथ. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर त्याने दोन गोष्टी बदलल्या. बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी उघड केली आणि त्याच कार्डांवर बाजार पुन्हा पुन्हा भरवला. तेव्हा भाव पुस्तकातल्या आकड्याजवळ येऊन बसू लागला. हे त्याने १९६२ साली छापलं, आणि २००२ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला विभागून मिळालं.

आम्ही ठरवलं की दोन्ही खेळ करायचे, आधी चेंबरलिनचा आणि मग स्मिथचा, म्हणजे काय बदललं की भाव स्थिरावतो हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

कार्डं

४४ मुलांच्या २२ जोड्या केल्या आणि दोन मुलांना फळ्यावरचे मुनीम नेमलं. ११ जोड्या बागायतदार, ११ गिऱ्हाईक. प्रत्येक जोडीला एक घडी घातलेलं कार्ड. बागायतदारांच्या कार्डांवर १५० पासून ६५० पर्यंत पन्नास-पन्नासने चढत जाणारे आकडे होते: या डझनाला तुमचा एवढा खर्च आला, याच्याखाली देऊ नका. गिऱ्हाइकांच्या कार्डांवर ८०० पासून ३०० पर्यंत उतरणारे आकडे: तुमच्या लेखी एक डझन आंबे एवढ्याचे आहेत, याच्यावर जाऊ नका. प्रत्येक फेरीत प्रत्येक जोडीने जास्तीत जास्त एकच डझन द्यायचं किंवा घ्यायचं. कार्ड आणि सौद्याचा भाव यांतला फरक म्हणजे तुमची कमाई. हे आकडे खेळापुरते होते, त्यांचा मार्केटच्या चालू भावाशी संबंध नव्हता.

कमाईला परीक्षेचे गुण जोडावेत, असं सर म्हणाले. मी नको म्हटलं, कारण कार्ड नशिबाने हातात येतं. त्याऐवजी प्रत्येक फेरीची कमाई फळ्यावर लिहायची आणि शेवटी आंबे सगळ्यांना सारखे कापून द्यायचे, असं ठरलं. नुसत्या लिहिलेल्या आकड्यासाठीही मुलं जीव तोडून खेळली. सौदा नोंदवताना मुनिमांनी कार्ड बघायचं आणि तोट्याचा सौदा परत पाठवायचा, हा नियम मात्र लागला. एका जोडीने केवळ "जिंकायचं" म्हणून ३०० च्या कार्डावर ४५० ला डझन उचलायला घेतलं होतं.

पहिली फेरी: रुमालाखाली

तिसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील फळ बाजारात माथाडी आहेत. एकेकट्याने सौदे करायचे म्हटल्यावर ती म्हणाली, "बाई, म्हणजे रुमालाखाली." हापूसच्या व्यापारात हाताला हात लावून, वरून रुमाल टाकून, बोटांच्या खुणांनी भाव करायची जुनी चाल आहे. शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळत नाही. आम्ही तेच केलं. मुलं वर्गभर फिरली, रुमालाखाली हात घालून कुजबुजली आणि सात मिनिटांत आठ सौदे झाले.

भाव होते ६७५, ४००, ६५०, ४२५, ५५०, ३५०, ४०० आणि ४००. तोच आंबा, तोच वर्ग, तीच सात मिनिटं, आणि ३५० ते ६७५ एवढी तफावत! भाव फळ्यावर लागल्याबरोबर ६७५ देणारी जोडी उठून उभी राहिली. "चारशेला मिळत होता? आम्हाला कोणी सांगितलं का नाही?" तिकडे ३५० ला विकून बसलेली बागायतदारांची जोडी खाली मान घालून बसली.

इथे मी जरा थांबले. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात यायला हवी होती. ६०० खर्च आलेल्या बागायतदाराचा माल खपला होता आणि ४०० खर्चवाल्याचा तसाच पडून होता. का? कारण ६०० वाल्याची गाठ नेमकी ७०० च्या गिऱ्हाइकाशी पडली आणि दोघांनाही दुसरीकडे काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. आठ सौद्यांत दोन्ही बाजूंची मिळून कमाई झाली २१०० रुपये. हा आकडा मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि त्यावर काहीच बोलले नाही.

उघड बोलीच्या तीन फेऱ्या

दुसऱ्या दिवशी तीच कार्डं त्याच जोड्यांना दिली. आता नियम असा: कोणीही हात वर करून मोठ्याने बोली लावायची, "चारशेला घेतो" किंवा "सहाशेला देतो". मुनीम फळ्यावर फक्त दोन आकडे ठेवतील, घेणाऱ्यांची सगळ्यांत चढी बोली आणि देणाऱ्यांची सगळ्यांत उतरती बोली. नवी बोली त्याहून सरसच हवी. जुळलं की सौदा नोंदवायचा, आकडे पुसायचे आणि पुन्हा सुरुवात.

पहिल्या उघड फेरीत भाव ४०० आणि ५५० मध्ये हेलकावे खात खात ४७५ वर आले. सात सौदे झाले. ५०० खर्चवाल्यांनी घाईत असलेल्या ८०० च्या गिऱ्हाइकाला ५५० ला डझन दिलं, आणि ४५० खर्चवाल्या दोघी ताटकळत राहून शेवटी रिकाम्या राहिल्या. "आम्ही त्यांच्यापेक्षा स्वस्त देत होतो तरी आमचेच राहिले," त्यांची तक्रार. मी विचारलं, पुढच्या वेळी काय कराल? त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "आधी ओरडू." दुसऱ्या फेरीत त्या आधी ओरडल्याही आणि चौथ्या सौद्यात सुटल्या.

तिसऱ्या फेरीचे सौदे ४७५, ४५०, ४८०, ४७५, ४७०, ४७५ आणि ४८०. पुन्हा सातच. कोणी कोणाला कार्ड दाखवलं नव्हतं, आम्ही दोघांनी तोंडातून आकडा काढला नव्हता. सहाशे मागणाऱ्याकडे आता कोणी वळूनही बघत नव्हतं, कारण फळ्यावर ४८० दिसत होतं.

मग निर्णयाची वेळ आली. कार्डं आत्ताच उघडायची, की भाव इथेच का अडकला हे मुलांना आधी ओळखायला लावायचं? आम्ही प्रत्येकाला अंदाज लिहायला सांगितलं. बहुतेकांनी लिहिलं, सगळ्या कार्डांची सरासरी असणार. हा अंदाज वाया गेला नाही, कारण तो मोडताना नेमकं काय मोडतंय ते त्यांना दिसलं.

बाक कडेला सारून दोन रांगा केल्या. गिऱ्हाईक ८०० पासून उतरत, बागायतदार १५० पासून चढत, समोरासमोर. आता कार्डं छातीशी धरा. पहिल्या जोडीत ८०० समोर १५०, दुसरीत ७५० समोर २००, असं करत मी रांगेतून चालत गेले. सातव्या ठिकाणी ५०० समोर ४५० होते, देणंघेणं अजून परवडतंय. आठव्या ठिकाणी ४५० च्या गिऱ्हाइकासमोर ५०० चा बागायतदार, इथे जुळूच शकत नाही. सातव्या आणि आठव्या जोडीच्या मधल्या फरशीवर मी खडूने रेघ मारली. रांगेच्या मागून आवाज आला, "म्हणून सातच सौदे!" आणि लगेच दुसरा, "म्हणून साडेचारशे ते पाचशे!" भाव ४५० च्या खाली गेला तर आठवं गिऱ्हाईक आत यायला बघतं आणि सातव्या बागायतदाराला देणं परवडत नाही, आंबे कमी पडतात. पाचशेच्या वर गेला तर सातवं गिऱ्हाईक मागे हटतं, आठवा बागायतदार पुढे येतो आणि आंबे उरतात. दोन्हीकडून माणसं भावाला त्या पन्नास रुपयांच्या पट्ट्यात ढकलत राहतात. सरासरी कोणीही काढत नाही.

तेव्हा मी कोपऱ्यातला आकडा दाखवला. रुमालाखाली आठ सौदे होऊन कमाई २१०० रुपये होती. तिसऱ्या उघड फेरीत एक सौदा कमी होऊनही ती २४५० झाली, कारण या वेळी सर्वांत कमी खर्चाचे सात डझन आंबे, ते सर्वांत मोलाचे वाटणाऱ्या सात जोड्यांकडे गेले.

अवकाळीची फेरी आणि आमची चूक

आता पुरवठा हलवायचा होता. गोष्ट तयार होती: अवकाळी पाऊस आणि चार बागांचा मोहोर गळाला. कोणत्या बागा, ते ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या, आम्हाला तेच न्याय्य वाटलं. चिठ्ठ्यांत ५५०, ६००, ६५० आणि ३०० ची कार्डं निघाली. फेरी झाली आणि भाव ४७५ वरून जेमतेम ५०० वर गेला. दोन मुलांनी वहीत लिहून टाकलं: पाऊस पडला तरी भाव फारसा वाढत नाही.

ही चूक आमची होती. गेलेल्या चार बागांपैकी तिघांचा माल आधीच्या तिन्ही उघड फेऱ्यांत एकदाही विकला गेला नव्हता. जे बाजारात येतच नव्हते ते गेल्याने भावाला काय होणार? हा धडा स्वतःच मोलाचा आहे, पण तो पहिला यायला नको होता.

पुढच्या तासाला आम्ही मुद्दाम १५०, २००, २५० आणि ३०० ची कार्डं काढून घेतली आणि फेरीआधी मुलांनाच रांगांचा हिशेब करायला लावला. त्यांनी पाच सौदे आणि भाव ५५० ते ६०० असं सांगितलं. झालं तसंच, पाचही सौदे ५६० ते ५८५ मध्ये बसले. गंमत वाटली ती याची, की चार बागा गेल्या पण सौदे दोनच कमी झाले. वाढलेल्या भावाने ५०० आणि ५५० खर्चवाल्यांना बाजारात ओढलं, आणि दुसऱ्या बाजूला ५५० आणि ५०० च्या दोन गिऱ्हाइकांना बाहेर काढलं. तुटवडा कसा वाटला जातो, ते या चार जोड्यांकडे बोट दाखवून सांगता आलं. काय झालं ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

ज्यांची कार्डं काढून घेतली होती त्यांतला एक मुलगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "भाव वाढला म्हणून सगळे बागायतदार खूश झाले असं बातम्यांत सांगतात. पण ज्याचा आंबाच गेला त्याला काय?" ३५० च्या कार्डाची कमाई सुमारे सव्वाशेवरून सव्वादोनशेवर गेली होती, त्याची शून्यावर. मी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले.

निष्पत्ती

दोन आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, भाव कोण ठरवतं? ४६ पैकी ३१ मुलांनी दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा उल्लेख केला. काहींनी अजून दलालच लिहिलं. त्यांतल्या एकीचं कारण विचार करायला लावणारं होतं. रुमालाच्या फेरीत ज्याला सगळ्यांचे भाव कळतात तोच खरा मालक असतो, असं तिचं म्हणणं. ते उत्तर मी चूक धरलं नाही.

एक दुखणं राहिलं. गिऱ्हाइकांत ३०० चं कार्ड ज्या जोडीकडे होतं त्यांना एकाही फेरीत आंबा मिळाला नाही. "बाई, आम्हाला आवडत नाही का आंबा?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला उत्तर जड गेलं. कार्डावरच्या आकड्यात आवड आणि खिसा या दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि आमच्या वर्गात हा फरक काही मुलांना घरून ठाऊक आहे. एकाच दिवसाच्या फेऱ्यांत कार्डं बदलता येत नाहीत, बदलली तर भाव स्थिरावायला वेळच मिळत नाही. पण दिवस बदलताना ती फिरवायला हवी होती. आणि त्या आकड्याचा अर्थ मी खेळाच्या आधीच सांगायला हवा होता.

पुढच्या वेळी काय बदलू

कागदी नोटांचा एकतर्फी लिलाव पुन्हा करणार नाही. अवकाळीची फेरी आधी स्वस्त बागांवर घेईन आणि चिठ्ठ्यांची नंतर, म्हणजे दोन्हींतला फरकच धडा होईल. उघड फेऱ्या तीनच ठेवीन, कारण चौथ्या फेरीला मुलं कंटाळतील असं वाटतं.

सगळ्यांत मोठा बदल तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीमुळे करावा लागेल. शेवटच्या दिवशी आंबे कापत असताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आपल्या खेळात बागायतदार खर्चाच्या खाली देत नव्हते. पण पेटी एकदा वाशीला आली की परत देवगडला जात नाही. बाबा सांगतात, दुपारनंतर पडेल त्या भावाने सोडतात." तिचं बरोबर होतं. झाडावरून उतरवलेल्या आंब्यावर झालेला खर्च परत येत नाही. तो आकडा पुढच्या वर्षी बाग राखायची की नाही हे ठरवतो, आजचा भाव धरून ठेवायला त्याचा आधार नसतो. आज बागायतदार कुठवर खाली येईल, ते त्या आंब्याचं दुसरं काय करता येतं यावर ठरतं, आणि हापूसच्या बाबतीत ते दुसरं म्हणजे बऱ्याचदा कॅनिंग. पिकत आलेला, डागी, भाव न आलेला आंबा रसासाठी किलोवर जातो.

पुढच्या वर्षीच्या बागायतदारांच्या कार्डांचा मसुदा तिने आणि मी त्याच दुपारी मिळून केला. त्यांवर दोन आकडे आहेत: झालेला खर्च, आणि त्याखाली कॅनिंगवाला देईल तो दर.